‘सगळं ठीक ना?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

“वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळले आहेत, माझ्याकडेच असतात. भाऊ दुसऱ्या शहरात. दर रविवारी फोन करून विचारतो, ‘सगळं ठीक ना?’ मी ‘हो’ म्हणते. परवा त्याने सहलीचे फोटो पाठवले आणि मी रडतच बसले. हल्ली त्याचा आवाजही नकोसा होतो. बोलले तर भांडण होईल अशी भीती वाटते. काय करू?”

तुम्ही किती थकला आहात, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण भावाला ते दिसलेलं नाही, कारण त्याच्या कानावर दर रविवारी फक्त ‘हो’ पडतं. ‘त्याला एवढंही कळू नये?’ असं तुम्हाला वाटत असणार. 1998 मध्ये मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. काही जणांना घाणेरड्या चवीचं पेय देऊन चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चव आपल्या चेहऱ्यावरून ओळखली असेल, याचा त्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. तुमचा भाऊ तर तुमचा चेहराही पाहत नाही.

बोलण्याआधी तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा. ‘थोडी मदत कर’ म्हणालात तर तो ‘हो, सांग ना कधीही’ म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्याने येऊन राहावं, की रात्रीच्या मदतनिसाचा खर्च उचलावा? बहुतेकदा पैसे द्यायला लोक लवकर तयार होतात. तुम्हाला झोप आणि मोकळा वेळ हवा असेल, तर नुसत्या पैशांवर समाधान मानू नका.

रविवारच्या फोनवर हा विषय नको, वडील ऐकत असतात. ‘बाबांबद्दल अर्धा तास बोलायचंय, कधी मोकळा आहेस?’ असा निरोप आधी पाठवा. मग म्हणा, “मी ठीक आहे म्हणत होते, पण मी ठीक नाही. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. महिन्यातून दोनदा तू इथे येऊन राहा, तेवढे दिवस मी बाहेर जाईन.” सहलीच्या फोटोंचा विषय काढू नका. तो निघाला की भाऊ स्वतःची बाजू मांडत बसेल आणि तुमची मागणी राहून जाईल.

‘आधी का नाही बोललीस?’ असं तो विचारेलच. तो आरोप समजू नका. “जमेल असं वाटलं होतं, आता जमत नाही,” एवढं उत्तर पुरे. आणि आवाज चढेल अशी खरंच भीती असेल, तर हेच चार वाक्यांत लिहून पाठवा.

कदाचित तो साफ नकारही देईल. तेव्हा येणारा राग खऱ्या नकारावरचा असेल, आणि मदतनीस कुठून आणायचा, खर्च कसा वाटायचा, हे तुम्हाला त्याची वाट न पाहता ठरवता येईल. पण हे बोलणं या आठवड्यातच होऊ द्या, पुढच्या सहलीचे फोटो येण्याआधी.