स्कोअर नसेल तर आधी गाडी लहान करा, मग कर्ज मागा

प्रश्न: मी आजवर कधीच कर्ज घेतलेलं नाही, त्यामुळे क्रेडिट स्कोअरच तयार झालेला नाही. गाडीसाठी कर्ज मिळेल का? शोरूमवाले म्हणतात जामीनदार आणा, मोठी गाडीसुद्धा होऊन जाईल. की स्वस्तातली बघू?

मिळेल. आणि जामीनदार आणून मोठी गाडी घेऊ नका. हे दुसरं वाक्य मी जरा जोरात म्हणतेय, कारण त्यावरूनच माझं आणि दादाचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

माझं काम घरूनच चालतं. शिकवण्या, थोडं भाषांतर. एखाद्या महिन्यात चांगले पैसे येतात, एखाद्या महिन्यात ओढाताण होते. पण कर्ज कधी घेतलं नाही, क्रेडिट कार्ड नाही, कुणाचा पैसा थकवला नाही. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. गाडीसाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, ‘क्रेडिट इतिहास अपुरा’. हप्ते बुडवणाऱ्याला आणि कधी कर्जच न घेतलेल्या माणसाला एकाच दारातून परत पाठवतात, याचा मला भयंकर संताप आला. तुम्हालाही येत असेल तर तो रास्त आहे.

पण ते दार एक असलं तरी आत दोन अर्ज वेगळे वाचले जातात. स्कोअर कमी असलेल्याविरुद्ध पुरावा असतो. आपल्या बाबतीत पुरावाच नसतो, ना चांगला ना वाईट. मग कर्ज देणारा दुसरीकडे बघतो: बँक खात्यात दर महिन्याला काय येतं आणि काय उरतं, कर विवरणपत्रात किती उत्पन्न दाखवलंय, एका पत्त्यावर आणि एका कामात किती वर्षं आहात. आणि सगळ्यात जास्त बघतो ते हे, की उद्या हप्ते थांबले आणि गाडी ओढून नेऊन विकावी लागली तर त्याचे पैसे सुटतील का. गाडीच्या किमतीतला तुमचा स्वतःचा वाटा जितका मोठा, तितका तो निर्धास्त. स्कोअर एका रात्रीत बनवता येत नाही, उत्पन्न वाढवता येत नाही. गाडीची किंमत मात्र आजच्या आज खाली आणता येते. आपल्या हातात असलेली खरी किल्ली तीच.

दादाचं म्हणणं अगदी शोरूमवाल्यासारखंच होतं. ‘मी जामीन राहतो, मुदत सात वर्षांची घे, हप्ता बसतोय ना तुझ्या कमाईत? मग नवी मोठी घे, जुन्याच्या मागे कशाला लागतेस?’ मी त्याला हिशोब करून दाखवला. तोच इथे देते, आणि मुद्दाम रकमेऐवजी महिन्यांच्या कमाईत देते, म्हणजे कुणालाही स्वतःला लावून बघता येईल.

गाडीत घालता येईल अशी माझी शिल्लक होती चार महिन्यांच्या कमाईइतकी. दादाला आवडलेल्या गाडीची किंमत वीस महिन्यांची कमाई. म्हणजे चार माझे आणि सोळा कर्जाचे. शोरूमने सांगितलेला दर १४ टक्के, मुदत ८४ महिने. हप्ता येतो महिन्याच्या कमाईच्या ३० टक्के. ‘बसतोय की!’ असं दादा म्हणाला, आणि कागदावर तो बसत होताही. पण सात वर्षांत एकूण भरायचे होते २५.२ महिन्यांचे पैसे, म्हणजे नऊ महिन्यांहून जास्त कमाई नुसत्या व्याजात. मी शोधलेली गाडी वापरलेली होती, तीन वर्षं जुनी, किंमत नऊ महिन्यांची कमाई. चार माझे, पाच कर्जाचे, मुदत ३६ महिने. वापरलेल्या गाडीला दर सहसा चढाच लागतो, मला १५ टक्के लागला. तरी हप्ता १७ टक्क्यांच्या आसपास आणि एकूण व्याज सव्वा महिन्याची कमाई. दर जास्त असूनही व्याज सातपटीने कमी, कारण रक्कम लहान आणि मुदत छोटी. ‘१४ पेक्षा १५ महाग’ एवढंच बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

त्या मोठ्या गाडीत आणखी एक धोका होता आणि तो मला व्याजापेक्षा जास्त टोचत होता. सात वर्षांच्या मुदतीत सुरुवातीचे हप्ते बरेचसे व्याजातच जातात. दोन वर्षं नेमाने भरूनही जवळजवळ १३ महिन्यांच्या कमाईइतकं मुद्दल शिल्लक राहिलं असतं. तोवर गाडीची किंमत एक तृतीयांशाहून थोडी जरी जास्त उतरली असती, तर गाडी विकूनही कर्ज फिटलं नसतं. माझ्यासारख्या कमी-जास्त कमाईच्या माणसाला विकून मोकळं व्हायची वाट उघडी हवी. ती बंद करणारी गाडी कितीही देखणी असली तरी मला नको होती.

आणि जामिनाबद्दल. दादाला वाटत होतं जामीन म्हणजे एक सही आणि थोडा मोठेपणा. तसं नाही. मी दोन हप्ते चुकवले असते तर त्याच्याकडे वसुलीचे फोन गेले असते आणि त्याच्या क्रेडिट अहवालातही तो डाग लागला असता. त्याला पुढे स्वतःसाठी कर्ज लागलं असतं, तर माझ्या गाडीचा बोजा त्याच्या नावावर धरूनच त्याची ऐपत मोजली गेली असती. तो म्हणतो मी कर्जाला घाबरले. मी म्हणते मी त्याची मान मोकळी ठेवली. जी गाडी जामिनाशिवाय मिळत नाही ती आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कर्ज घेताना काय झालं ते. शोरूममधला फायनान्सवाला एक फॉर्म भरून घेतो आणि तो एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी पाठवून देतो. प्रत्येक ठिकाणाहून तुमच्या नावाची चौकशी होते आणि अहवालात नोंदली जाते. जिथे दुसरं काहीच लिहिलेलं नाही तिथे नुसत्या चौकशांची रांग फार वाईट दिसते. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी ‘कुणाकडे पाठवणार ते सांगा, विचारल्याशिवाय पाठवू नका’ असं बजावा. मी शोरूम सोडून जिथे माझं खातं होतं तिथेच गेले. वर्षभराचे व्यवहार त्यांच्या डोळ्यांसमोर होते, त्यामुळे कोऱ्या पाटीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला.

तरी एका ठिकाणी ‘फक्त ९ टक्के’ असा दर ऐकून दादा पुन्हा उसळला होता. तो फ्लॅट दर होता. फ्लॅट म्हणजे तीनही वर्षं मूळ पूर्ण रकमेवर व्याज, मधे मुद्दल कितीही फिटलेलं असो. पाचवर ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज १.३५, म्हणजे ३६ हप्त्यांत ६.३५ परत करायचे. दर महिन्याला घटत जाणाऱ्या मुद्दलावर याचा खरा दर किती, हे स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघतं:

```
=RATE(36,-6.35/36,5)*12
```

उत्तर येतं सुमारे १६.२ टक्के. म्हणजे ते ‘९’ माझ्या १५ पेक्षा महाग होते. स्कोअर नसलेल्या माणसाला फ्लॅट दर हमखास पुढे करतात, कारण तो घासाघीस करायच्या मनःस्थितीत नसतो. वरून प्रक्रिया शुल्क आणि कर्जाला चिकटवलेला विमा. तो विमा ऐच्छिक आहे का, हे लेखी विचारा. हातात पडणारी खरी रक्कम वरच्या ओळीत ५ च्या जागी घाला, मग दर आणखी चढलेला दिसेल.

वापरलेल्या गाडीत एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. कर्ज विक्रेत्याच्या किमतीवर मिळत नाही, कर्ज देणाऱ्याच्या मूल्यांककाने ठरवलेल्या किमतीवर मिळतं, आणि ती बहुतेक वेळा कमी असते. माझ्या नऊच्या गाडीचं मूल्यांकन आठ झालं. त्यावर ८० टक्के म्हणजे ६.४ पर्यंत कर्ज मिळू शकत होतं आणि मला पाचच हवे होते, म्हणून अडलं नाही. ज्याच्या हातात एकच महिन्याची शिल्लक आहे त्याला इथे दीड महिन्याहून जास्तीचं भगदाड पडतं, तेही विसार देऊन झाल्यावर. म्हणून मूल्यांकन आधी, विसार नंतर. शिवाय कर्ज संपताना गाडीचं वय किती असेल यावरही मर्यादा असते. फार जुनी गाडी स्वस्त दिसते, पण मुदत इतकी आखडते की हप्ता फुगतो.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचा स्कोअर नसण्याऐवजी कमी असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा गाडी बघण्याआधी स्वतःचा अहवाल मागवायचा. त्यात फेडून झालेलं कर्ज चालू दिसतंय का, ‘बंद’च्या जागी ‘तडजोडीने मिटवलं’ असं लिहिलंय का, हे तपासून चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायची. ताजे हप्ते चुकले असतील तर मोठा वाटा भरूनही दर अंगावर येतो, आणि गाडीवाचून अगदीच अडत नसेल तर काही महिने थांबलेलं स्वस्त पडतं. तुम्हालाही थांबणं शक्य असेल तर ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, दर महिन्याला पूर्ण भरा. साधारण सहा महिन्यांत अहवालात वाचण्यासारखं काहीतरी तयार होतं.

आणि जुनी गाडी दुरुस्ती मागते, हे दादाचं म्हणणं खरं आहे. म्हणून शिल्लक सगळी पहिल्या भरण्यात घालू नका, आणि व्यवहाराआधी गाडी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखवा. माझा हप्ता १७ टक्क्यांवर होता म्हणूनच क्लचचा खर्च आला त्या महिन्यातही तो वेळेवर गेला. ३० टक्क्यांवर असता तर क्लच आणि हप्ता यांतलं एकच जमलं असतं, आणि फोन दादाला गेला असता.

मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, हे करारात सही करण्याआधी शोधा. वर्षभर हप्ते वेळेवर गेले की तुमच्या नावावर इतिहास तयार होतो आणि दुसरीकडे कमी दराने उरलेलं कर्ज हलवता येतं. दंड मोठा असेल तर तो फायदा तिथेच संपतो.