मिडटर्म आणि फायनलमध्ये कोण खरंच बदललं, ते आलेखावरून कसं ओळखायचं?

प्रश्न: वर्गाच्या मिडटर्म आणि फायनलच्या मार्कांचा स्कॅटर प्लॉट काढलाय. यातून एकदम वर गेलेली किंवा घसरलेली मुलं कशी शोधायची? दोन मार्कांची वजाबाकी करून मोठे फरक काढले तर पुरेल ना?

उत्तर:

वजाबाकी पुरत नाही. तिच्यात चुकीची मुलं वर येतात आणि ज्यांच्याकडे खरंच बघायला हवं त्यातली काही निसटतात.

आधी आलेख नीट करून घ्या. मिडटर्म 30 ची आणि फायनल 70 ची असेल, तर दोन्ही टक्क्यांत आणा. मिडटर्म आडव्या अक्षावर, फायनल उभ्या अक्षावर, दोन्ही अक्ष 0 ते 100 आणि आलेख चौकोनी. गैरहजर मुलांचे शून्य मार्क यात अजिबात ठेवू नका, त्या ओळी वेगळ्या शीटवर हलवा. परीक्षेला न बसणं आणि पेपरात शून्य मिळणं यांत फरक आहे, आणि असे दोन-तीन शून्य पुढची सगळी गणितं ओढून नेतात.

आता बहुतेक जण कोपऱ्यातून कोपऱ्यात 45 अंशांची रेषा काढतात आणि म्हणतात, रेषेच्या वरचा सुधारला, खालचा घसरला. इथेच गडबड होते. फायनलचा पेपर अवघड निघाला तर जवळजवळ अख्खा वर्ग त्या रेषेखाली जातो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ठिपक्यांचा ढग त्या रेषेइतका चढाचा सहसा नसतो, तो थोडा आडवा पडलेला असतो. कारण कुठल्याही पेपरच्या मार्कांत मुलाच्या तयारीबरोबर त्या दिवसाचा योगही असतो. नेमका वाचलेला प्रश्न आला, ताप होता, तपासणाऱ्याचा हात सढळ होता. मिडटर्मला सगळ्यांत वर आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो योग लाभलेला असतो आणि पुढच्या पेपराला तो तसाच लाभेल असं नाही, म्हणून ते सरासरीकडे थोडे खाली येतात. तळाची मुलं त्याच कारणाने थोडी वर येतात. फ्रान्सिस गाल्टनने 1886 साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं.

म्हणून तुलना 45 अंशांच्या रेषेशी न करता ढगातून जाणाऱ्या रेषेशी करायची. एक उदाहरण घेऊ. 60 मुलांचा वर्ग आहे. मिडटर्मची सरासरी 60 टक्के, फायनलची 52, दोन्हींचं प्रमाण विचलन 15 आणि सहसंबंध 0.7. यातून रेषा येते: अपेक्षित फायनल = 10 + 0.7 × मिडटर्म.

पहिला मुलगा: मिडटर्म 30 पैकी 27 म्हणजे 90 टक्के, फायनल 70 पैकी 49 म्हणजे 70 टक्के. वजाबाकीत 20 टक्क्यांची घसरण दिसते आणि स्टाफरूममध्ये याच्याबद्दल काळजी सुरू होते. पण 90 वाल्याकडून या वर्गात अपेक्षाच 73 ची आहे. तो फक्त 3 ने कमी आहे, म्हणजे त्याचं काहीही झालेलं नाही. दुसरी मुलगी: 40 वरून 60 वर. फरक तितकाच, 20. पण तिच्याकडून अपेक्षा होती 38 ची, ती 22 ने वर आहे. वर्गाची सरासरी 8 ने खाली आलेली असताना ही वर गेली, तिच्या बाबतीत खरंच काहीतरी बदललं आहे. तिसरा मुलगा 60 वरून 30 वर: अपेक्षा 52, तो 22 ने खाली. याला लगेच बोलवा.

आता 22 मोठं की लहान हे कशावरून ठरवायचं? ठिपके रेषेपासून साधारण किती लांब पसरलेत त्यावरून. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हींत ही सूत्रं चालतात. C मध्ये मिडटर्म, D मध्ये फायनल धरलंय. सूत्र E2 मध्ये टाकून खाली ओढा, पसरण कुठल्यातरी मोकळ्या चौकटीत काढा:

```
E2:  =D2-FORECAST(C2,D$2:D$61,C$2:C$61)
H1:  =STEYX(D2:D61,C2:C61)
```

E मध्ये रेषेपासूनचं अंतर येतं, H1 मध्ये पसरण. आपल्या वर्गात पसरण सुमारे 10.8 येते. अंतर तिच्या दुपटीपेक्षा, म्हणजे साधारण 21.6 पेक्षा जास्त असेल तर त्या ठिपक्याला खूण करा, मग ते वर असो वा खाली. मात्र कुणाचंही काही बदललं नसलं तरी 60 जणांत सुमारे 3 ठिपके निव्वळ योगायोगाने या हद्दीबाहेर पडतात. त्यामुळे ही यादी कुणाशी आधी बोलायचं एवढंच सांगते, मुलाबद्दलचा निकाल देत नाही.

आणि बोलण्याआधी उत्तरपत्रिका काढून बघाच. 63 च्या जागी 36 टंकलेलं असणं, पुरवणी तपासायची राहून जाणं, बेरजेत एक पान सुटणं, यातला ठिपका सगळ्यांत लांब पडतो. संपूर्ण ढगच गोल, बिनआकाराचा दिसत असेल आणि सहसंबंध शून्याच्या आसपास आला असेल, तर मुलांकडे बघूच नका. बहुधा कुणीतरी एकच रकाना सॉर्ट केलाय आणि एकाची मिडटर्म दुसऱ्याच्या फायनलला जोडली गेलीय. रोल नंबरवरून परत जुळवा.

दोन तुकड्यांचे पेपर दोन शिक्षकांनी तपासले असतील तर तुकडीप्रमाणे ठिपक्यांना रंग द्या. कधीकधी एका ढगाचे दोन ढग सुटे होतात, एक वर आणि एक खाली. तशा वेळी प्रत्येक तुकडीची रेषा वेगळी काढायची, नाहीतर कडक तपासणाऱ्याच्या अख्ख्या तुकडीवर घसरणीचा शिक्का बसेल. पासिंगच्या रेघेवरही नजर ठेवा. 70 पैकी 28 ला ठिपक्यांची आडवी ओळ आणि तिच्या लगेच खाली मोकळी जागा दिसली, तर ते बहुधा ग्रेसचे मार्क आहेत. ग्रेस देण्याआधीचे आकडे मिळाले तर तेच वापरा, कारण घसरलेली काही मुलं त्या ओळीत लपलेली असतात.

एका गोष्टीचा मला खरंच त्रास होतो, म्हणून लिहितोच. मिडटर्मच्या तळाच्या मुलांसाठी रेमेडियल घ्यायचं आणि फायनलला ती वर आली की वर्ग यशस्वी झाला असा अहवाल द्यायचा, हे सर्रास चालतं. वरच्या रेषेत 20 टक्के घाला: अपेक्षित फायनल 24. म्हणजे वर्ग 8 ने खाली येत असताना ही मुलं काहीही न करता सरासरी 4 ने वर येणारच होती. रेमेडियलचा उपयोग झाला असं म्हणायचं असेल, तर ती मुलं मिळून रेषेच्या स्पष्ट वर दिसली पाहिजेत.

15-20 मुलांच्या वर्गात ही रेषा एकदोन ठिपक्यांनीच कलते. तिथे खूण केलेला ठिपका वगळून रेषा परत काढा. तरीही तो तितकाच लांब राहिला तर यादीत ठेवा.