सहलीच्या आधीचा मेसेज

"माझ्या चौथीतल्या मुलाला ऑटिझम आहे. पुढच्या आठवड्यात वर्गाची सहल आहे आणि मी सोबत नसेन. पालकांच्या ग्रुपवर आधीच सांगू का? सांगायचं तर काय लिहू? तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं."

असं विचारणाऱ्या आईने चौथ्यांदा लिहिलेला मसुदा माझ्यासमोर धरला. वाचताना बोटाने बराच वेळ वर सरकवावा लागला, इतका लांब. सुरुवात होती, "सर्वप्रथम आपणा सर्वांची माफी मागते." मग निदान कधी झालं, थेरपी कोणकोणत्या चालू आहेत, रात्री कोणतं औषध देते, कुठून तरी उचललेली ऑटिझमची व्याख्या, आणि शेवटी "कृपया समजून घ्या".

मी तिला विचारलं, "हे वाचून एखादी आई रात्री आपल्या मुलीला काय सांगेल?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला काहीतरी आजार आहे, तू जरा लांबच बस."

तिचं उत्तर बरोबर होतं. मेसेज वाचणार मोठी माणसं, पण बसमध्ये त्याच्या शेजारी बसणार ती नऊ वर्षांची मुलं. वाचणाऱ्या आईला आपल्या मुलाला झोपताना दोन वाक्यांत सांगता येईल, तेवढंच आणि तसंच लिहायचं. व्याख्या वाचून मूल काही करू शकत नाही. "तो कान झाकेल तेव्हा हसू नकोस" हे मात्र त्याला करता येतं.

पण लिहायला बसण्याआधी मी तिला घरी पाठवलं, मुलाला विचारायला. त्याला आपल्या ऑटिझमबद्दल वर्षभरापूर्वीच सांगितलेलं होतं, म्हणून हे शक्य झालं. मुलाला स्वतःला तो शब्द माहीत नसेल तर तो ग्रुपवर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. नाहीतर आपल्याला काय आहे ते त्याला बसमध्ये दुसऱ्याच्या तोंडून कळतं. अशा वेळी नाव न घेता फक्त वागणं सांगावं: त्याला मोठा आवाज सहन होत नाही, उत्तर द्यायला वेळ लागतो. एवढ्यावरही सहल नीट पार पडते.

दुसऱ्या दिवशी ती त्याचं म्हणणं कागदावर लिहून घेऊन आली. औषधाचं कुणाला सांगायचं नाही. हात धरून ओढलेलं आवडत नाही. आणि तिसरं, जे आई असूनही तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं: "कान झाकले तरी मला ऐकू येतं, हे सांग." तो कान झाकून बसला की मुलं त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलत असत.

त्यावरून आम्ही हा मेसेज तयार केला:

"नमस्कार. सहलीला माझा मुलगाही येतो आहे. त्याला ऑटिझम आहे. आवाज, गर्दी आणि अचानक झालेला बदल त्याला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो. हे जन्मापासूनचं आहे, एकाकडून दुसऱ्याला होत नाही. बसमध्ये तो कान झाकेल, हात हलवत राहील, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणेल. कान झाकले तरी त्याला ऐकू येतं. त्याला काही विचारलं तर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावं, बहुतेक वेळा उत्तर येतं. गोंगाट असह्य झाला तर तो मोठ्याने रडेल किंवा खाली बसेल. तेव्हा मुलांनी थोडं लांब व्हावं, त्याला हात लावू नये आणि बाईंना बोलवावं. पुढचं बाईंना माहीत आहे. त्या वेळचा फोटो किंवा व्हिडिओ कुणी काढू नये, ही विनंती. त्याला नकाशे फार आवडतात. रस्ता विचारलात तर तो भरभरून बोलेल. काही विचारायचं असेल तर मला जरूर फोन करा."

"मोठ्याने रडेल" इथे तिने आधी "हट्ट करेल" असं लिहिलं होतं. तो एक शब्द बदलायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. हट्टात मुलाला काहीतरी हवं असतं. ते मिळालं की रडणं थांबतं, आणि मूल मधूनमधून कोण बघतंय याचा अंदाजही घेतं. ऑटिझममधला हा उद्रेक म्हणजे मेल्टडाउन. त्यात मुलाला काही मिळवायचं नसतं. आवाज, गर्दी आणि बदल यांचा भार त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. तेव्हा समजावणं, दटावणं, चौघांनी घोळका करून "काय झालं?" विचारणं, हे सगळं त्या भारात भरच घालतं. आवाज कमी करून, माणसं बाजूला करून, एकाच मोठ्या माणसाने शांतपणे जवळ थांबलं की तो हळूहळू ओसरतो. "हट्ट" वाचलं की पालक लाड आणि शिस्त यांचा हिशेब मांडू लागतात. "रडेल" वाचलं की थांबतात.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुद्दाम घातली नाही. हा मुलगा घाबरला की गर्दीतून पळत सुटतो, आणि पाणी दिसलं तर सरळ त्या दिशेने जातो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांच्या बाबतीत हा खरा धोका असतो, पण तो ग्रुपवर सांगायचा नाही. तिथून मजकूर कुठे पुढे जाईल यावर आपला ताबा नसतो. हे वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटून सांगितलं आणि एका कागदावर लिहून दिलं: प्रत्येक ठिकाणी नजर ठेवणारं नेमकं कोण, कान झाकायचे हेडफोन दप्तराच्या कोणत्या कप्प्यात, शांत बसायला जागा कोणती, तो दिसेनासा झाला तर आधी पाण्याकडे बघायचं, आणि आईचा नंबर. "सगळे लक्ष ठेवू" यावर मी विसंबत नाही. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाचंच राहत नाही, म्हणून नाव ठरवून घ्यायला लावलं.

शिक्षिकेशी बोलणं आधी झालं, मेसेज सहलीच्या चार दिवस आधी गेला. आदल्या रात्री पाठवला असता तर पालकांना मुलांशी बोलायला वेळ मिळाला नसता, नुसती धास्ती उरली असती.

बऱ्याच जणांनी हात जोडलेले आणि बदामाचे चिन्ह पाठवले. एका पालकाने खासगीत कुठल्याशा उपचाराचा व्हिडिओ पाठवला. तिने फक्त "धन्यवाद" लिहिलं आणि विषय तिथेच संपवला. एका वडिलांनी ग्रुपवरच विचारलं, "इतर मुलांना काही धोका नाही ना?" ती रडत मला फोनवर म्हणाली, मेसेज काढून टाकते. तो काढू नका, असं मी सांगितलं. प्रश्न बोचरा होता, पण खरा होता, आणि मनात ठेवण्यापेक्षा विचारला हे बरं. उत्तर तिने स्वतःच दिलं: "तो कुणावर धावून जात नाही. गोंगाट असह्य झाला की रडतो किंवा खाली बसतो. त्याच्यासोबत कोण असेल ते शाळेने ठरवलं आहे." त्यावर त्या वडिलांनी काही लिहिलं नाही.

सहलीत तो एकदा कोलमडला, जेवणाच्या वेळी, हॉलमध्ये अचानक माईक सुरू झाला तेव्हा. शिक्षिकेने आईला नंतर सांगितलं की दोन मुलींनी बाकीच्यांना मागे सारलं आणि एक मुलगा बाईंना शोधायला धावला. जवळजवळ वीस मिनिटं तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होता. परतीच्या बसमध्ये एका मुलाने त्याला विचारलं, आपण आता कुठे आहोत? आणि बोटांवर दहा मोजले. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.