परदेशातील घरच्या रेस्टॉरंटचे नाव आणि त्याखालची ओळ

प्रश्न : आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई मिळून परदेशात छोटे रेस्टॉरंट काढत आहोत. मराठी नाव ठेवले तर तिथले लोक आत येणार नाहीत आणि इंग्रजी ठेवले तर आपली माणसे ओळखणार नाहीत, अशी भीती वाटते. दोघांनाही चालेल असे नाव कसे ठरवावे?

उत्तर : एका इंग्रजीभाषक देशात माझी बहीण आणि मेहुणे यांच्याबरोबर मी अकरा वर्षे रेस्टॉरंट चालवले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की पाटीवर दोन ओळी असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. वरची ओळ म्हणजे नाव. ते लक्षात राहावे, फोनवर सांगता यावे आणि आपल्या माणसांच्या कानाला ओळखीचे वाटावे, एवढेच त्याचे काम असते. आत काय मिळते हे सांगायचे काम खालच्या, लहान अक्षरांतल्या ओळीचे. तुमची अडचण ही दोन्ही ओझी एकट्या नावावर टाकल्यामुळे आली आहे. ती वेगळी केलीत, तर मराठी नाव निःशंकपणे ठेवता येईल.

अर्थात प्रत्येक मराठी शब्द चालत नाही. आमच्या यादीत शेवटी चार नावे उरली होती : ओसरी, माजघर, निवारा आणि पंगत. घरात सगळ्यांना ओसरी आवडले होते. मग आम्ही एक साधी परीक्षा घेतली. मेहुण्यांच्या कचेरीतल्या आणि शेजारच्या दहा स्थानिक लोकांना फोन करायचा, नाव एकदाच उच्चारायचे आणि ऐकले तसे लिहून पाठवायला सांगायचे. फोन उचलून ‘हॅलो, ओसरी’ म्हटले की समोरच्याला ‘ओ, सॉरी’ ऐकू येत होते. दोघांनी तर ‘काही हरकत नाही’ असे उत्तरही दिले. दिवसातून चाळीस वेळा फोनवर माफी मागणारे रेस्टॉरंट कोणालाच नको असते, म्हणून ओसरी बाद झाले. माजघर या नावाची दहा जणांनी सात वेगवेगळी स्पेलिंग पाठवली. ‘घ’सारखे महाप्राण व्यंजन आणि त्याला चिकटलेला ‘ज’ हे इंग्रजी कानाला सलग पकडता येत नाहीत. ज्या नावाचे स्पेलिंग ऐकून लिहिता येत नाही, ते नकाशावर शोधताही येत नाही, आणि अशा वेळी माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही, दुसरीकडे जातो.

निवारा या परीक्षेत उत्तम उतरले. तीन सुटी अक्षरे, प्रत्येकाला आपला स्वर, जवळजवळ सर्वांनी Nivara असेच लिहिले. पण तीच परीक्षा उलट बाजूनेही घ्यावी लागते. हे नाव आम्ही तिथल्या मराठी ओळखीच्यांना सांगितले, तेव्हा एका वयस्कर बाईंनी विचारले, ‘वृद्धाश्रम काढताय का?’ दुसऱ्या एकाला बसथांबा आठवला. स्थानिकांच्या कानाला गोड लागणारा शब्द आपल्या माणसांच्या मनात भलतेच चित्र उभे करू शकतो, आणि घरात बसून ते सुचत नाही, कारण आपण त्या शब्दाच्या प्रेमात पडलेले असतो.

पंगत दोन्हीकडे टिकले. दहापैकी आठ जणांनी Pangat बरोबर लिहिले. ते ‘पँगॅट’ असे म्हणत, आणि अकरा वर्षे तसेच म्हणत राहिले. या बाबतीत माझे मत ठाम आहे : ग्राहकाचा उच्चार कधीही सुधारू नये. ज्याला आपला उच्चार चुकतो असे एकदा जाणवले, तो चार मित्रांसमोर ते नाव घ्यायला कचरतो. त्याने विचारले तर अर्थ मात्र आनंदाने सांगावा. रांगेने शेजारी बसून जेवणे, हा अर्थ ऐकला की लोक तो घरी जाऊन दुसऱ्यांना सांगत असत.

आता खालची ओळ. इथे आमच्याकडून मोठी चूक झाली आणि ती उशिरा कळली. सुरुवातीला आम्ही तिथे इंग्रजीत ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असे लिहिले होते. आपल्याकडे या शब्दांतून निर्धास्तपणे बायकामुलांसह बसता येईल अशी जागा, असा अर्थ निघतो, आणि आपली माणसे तो अर्थ बरोबर घेत होती. स्थानिक लोक मात्र त्यातून लहान मुलांसाठी वेगळा मेनू, लवकर होणारे जेवण आणि बऱ्यापैकी गोंगाट, असे समजत होते. हे आम्हाला फोनवरून उमगले. सायंकाळी पाच वाजता जेवण मिळेल का आणि मुलांसाठी उंच खुर्ची आहे का, असे प्रश्न येत होते. रात्री आठनंतर जेवायला येणारी जोडपी आणि मित्रमंडळी मात्र शेजारच्या दुकानात बसलेली दिसत. ती ओळ बदलून आम्ही ‘पश्चिम भारतातील घरचे जेवण’ या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले, आणि पुढच्या दोन महिन्यांत रात्रीची गर्दी हळूहळू बदलली. घरचे आहे ही गोष्ट तीच राहिली, फक्त ती स्थानिकांना कळेल अशा शब्दांत आली.

‘पश्चिम भारत’ हे शब्दही विचार करून निवडले होते. नुसते ‘भारतीय’ लिहिले तर स्थानिक माणसाच्या डोळ्यांसमोर त्याने आजवर खाल्लेले ठरावीक चार पदार्थ येतात आणि आत ते नसले की तो नाराज होतो. नुसते आपल्या प्रांताचे नाव लिहिले तर त्याला काहीच कळत नाही. ब्रिटनमध्ये भारतीय म्हणून ओळखली जाणारी असंख्य रेस्टॉरंटे मुळात सिल्हेट भागातून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली. पाटीवर त्यांनी ‘इंडियन’ हाच शब्द ठेवला, कारण ग्राहकाला तोच माहीत होता. त्याने धंदा चालला, पण त्यांची स्वतःची ओळख फार काळ झाकलेलीच राहिली. म्हणून ओळखीचा एक शब्द आणि त्याला दिशा देणारा एक शब्द, अशी जोडी मला योग्य वाटते. ‘अस्सल’ हा शब्द मात्र टाळावा. स्थानिकांना तो प्रत्येक पाटीवर दिसत असल्यामुळे त्यातून काही कळत नाही, आणि आपली माणसे तो वाचून परीक्षकाच्या भूमिकेतच आत येतात.

नाव कितीही चांगले असले तरी आपली माणसे कधी येतील, याचा हिशोब वेगळा करावा लागतो. लंडनमध्ये 1810 साली दीन महंमद यांनी जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाउस काढले. नावाची जुळणी उत्तम होती. ‘कॉफी हाउस’ म्हणजे काय हे लंडनकरांना ठाऊक होते आणि ‘हिंदुस्तानी’ हा शब्द भारतात राहून परतलेल्या साहेबांसाठी होता. तरीही 1812 मध्ये त्यांना दिवाळखोरी पत्करावी लागली. यामागचे जे एक कारण सांगितले जाते ते असे की ज्यांच्यासाठी ते जेवण होते, त्यांच्या घरी ते करणारे स्वयंपाकी आधीच होते. आजच्या आपल्या माणसांचेही तसेच आहे. रोजचे जेवण ती घरी करतात. घरी करायला वेळखाऊ असलेल्या पदार्थांसाठी, सणावाराला, आईवडील भेटीला आले की, किंवा परक्या मित्राला आपले काही दाखवायचे असेल तेव्हा ती येतात. आमच्याकडे शनिवार-रविवारची दुपार आपल्या माणसांची होती आणि आठवड्यातल्या रात्री स्थानिकांच्या. हे लक्षात आल्यावर दोघांना सारख्याच प्रमाणात खूश करण्याचा ताण गेला. रविवार दुपारची पाटी आम्ही मराठीतही लिहू लागलो आणि आठवड्यात मेनूवरची वर्णने अधिक सविस्तर ठेवली. मेनू मात्र सर्वांना एकच दिला. आपल्यांसाठी वेगळा मेनू ठेवला की शेजारच्या टेबलावरच्या स्थानिक माणसाला आपल्याला कमी दर्जाचे दिले जात आहे असे वाटते, आणि ते वाटणे रास्तच असते.

वर्णने लिहिताना जॉइस चेन यांची पद्धत मला फार उपयोगी पडली. त्यांनी 1958 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे आपले चिनी रेस्टॉरंट सुरू केले. स्थानिकांना अनोळखी असलेल्या एका भरलेल्या पदार्थाला त्यांनी ‘पेकिंग राव्हियोली’ असे नाव दिले. राव्हियोली लोकांना माहीत होती, पेकिंग या शब्दाने दिशा दिली, आणि बॉस्टनच्या परिसरात ते नाव आजही ऐकू येते. पदार्थांना क्रमांक देऊन त्यांनी नाव उच्चारण्याची भीतीही काढून टाकली. आम्ही यात थोडा बदल केला : पदार्थाचे मूळ नाव ठळक ठेवले, त्याखाली तो कशाचा आहे, तळलेला की शिजवलेला आणि तिखट किती, हे एका ओळीत लिहिले. मूळ नाव पुसून टाकले तर आपला माणूस तो पदार्थ मेनूवर शोधत बसतो आणि न सापडल्यामुळे दुसरे काहीतरी मागवतो.

नोंदणीपूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. गूगल नकाशावरच्या नोंदीत नावाच्या रकान्यात फक्त पाटीवरचे नाव घालावे. तिथे ‘उत्तम भारतीय जेवण’ वगैरे जोडणे त्यांच्या नियमांत बसत नाही आणि त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. प्रकार निवडण्याचा रकाना वेगळा असतो आणि वर्णनासाठी 750 अक्षरांची जागा असते. खालच्या ओळीतला मजकूर तिथे घालावा. दुसरे म्हणजे, चव, मसाला किंवा स्वयंपाकघर अशा थेट अर्थाच्या शब्दांना व्यापारचिन्ह म्हणून दुबळे संरक्षण मिळते. परभाषेतला शब्द घेतल्याने यातून सुटका होईलच असे नाही, कारण अमेरिकेत अशा शब्दाचा इंग्रजी अर्थ लावूनही तपासणी होऊ शकते. शिवाय आपल्या लोकांना आवडणारी नावे आपल्याच इतर मंडळींनी आधी घेतलेली असतात. ‘अंगण’ आम्ही यादीत घेतलेच नाही ते त्यामुळेच, आणि त्यात Angan लिहावे की Aangan हा घोळही आहेच.

पाटी करायला देताना नावाची आणि खालच्या ओळीची फळी वेगवेगळी करून घ्या, म्हणजे खालची एकटी काढता येईल. फोनजवळ एक वही ठेवा आणि पहिले दोन महिने दोनच गोष्टींची नोंद करा : किती जणांनी नावाचे स्पेलिंग विचारले आणि किती जणांनी ‘तुमच्याकडे नक्की काय मिळते’ असे विचारले. पहिला आकडा मोठा असेल तर दोष नावात आहे. तो नोंदणी आणि छपाई वाढण्याआधी, लवकरात लवकर दूर करावा लागेल. दुसरा मोठा असेल तर फक्त खालची फळी बदलायची आहे. आमच्या अकरा वर्षांत ती तीनदा बदलली, वरची एकदाही नाही.