ठेवायचं म्हटलं तरी रडू, नको म्हटलं तरी रडू

"मॅडम, बाळ 14 महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं. पाळी परत आलीच नव्हती म्हणून निर्धास्त होते आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. ठेवायचं म्हटलं तरी रडू येतं, नको म्हटलं तरी येतं. मी वाईट आई आहे का? कसं ठरवू?"

माझ्याकडे आलेल्या एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तिचं मूल 11 महिन्यांचं. नवऱ्याबरोबर आली आणि बसल्याबसल्या तोच बोलायला लागला, आमचं ठरलंय, ठेवणार आहोत, फक्त हिला जरा समजवा. ती पर्सच्या चेनशी खेळत बसलेली. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. सोबत नवरा असो, आई असो नाहीतर मैत्रीण, थोडा वेळ तरी मी बाईशी एकटीशी बोलतेच, कारण घरात दबाव आहे, भीती आहे, हे दुसऱ्या कोणासमोर तोंडातून निघत नाही. दार लागल्यावर ती म्हणाली, "माझं अजून काहीच ठरलेलं नाहीये."

मग आधी सोनोग्राफी. तिला वाटत होतं पाचेक आठवडे झाले असतील, पण आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आणि हिला डिलिव्हरीनंतर पाळीच आलेली नाही, मग मोजणार कुठून? (दूध पाजतेय तोवर काही होत नाही हे अर्धवट ऐकलेलं असतं सगळ्यांनी. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचंच दूध पिणारं, आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तेव्हाच तो भरवसा, आणि तेव्हाही शंभर टक्के नाही.) निघाले 9 आठवडे. ती घाबरली, पण निदान आता हातात किती वेळ आहे ते कळलं होतं. कारण आठवड्यांवरूनच ठरतं की गर्भपात करायचाच झाला तर गोळ्यांनी होईल की प्रोसिजर लागेल, आणि कायद्याची मर्यादाही देशादेशात वेगळी असते. शिवाय गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हेही सोनोग्राफीतच कळतं. एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

तिने घरून यादी करून आणली होती, ठेवण्याची कारणं अकरा, न ठेवण्याची नऊ. मला या याद्या फारशा पटत नाहीत, त्यात 'घर लहान पडेल' आणि 'मला जमणारच नाही' या दोघांना एकेकच मार्क मिळतो. मी तिला म्हटलं, एक दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत 'ठेवायचं ठरलं' असं समजून काढ, कोणाला सांगू नको. दुसरा दिवस 'नाही ठेवायचं ठरलं' असा. काय वाटायला पाहिजे ते नको लिहू, झोप कशी लागली, जेवलीस का, चिडचिड कधी झाली, तेवढंच लिही. दत्तक देण्याचंही विचारलं, तो पर्याय असतोच, पण ते ती एका मिनिटात नको म्हणाली, तिथे थांबलो.

परत आली तेव्हा सांगत होती, 'ठेवायचं'वाल्या दिवशी पोरावर दोनदा ओरडले आणि रात्रभर हिशोब चालू, कोण उठणार, कोण बघणार. 'नाही'वाल्या दिवशी सकाळी खूप रडली आणि दुपारी पोराशेजारी गाढ झोपली, कित्येक दिवसांनी. म्हणजे उत्तर मिळालं असं मी म्हटलं नाही, विचारलं, रात्री उठायला कोणी मिळालं तर? हा प्रश्न मी नेहमी विचारते, कारण मदत मिळाल्यावर उत्तर बदलत असेल तर अडचण परिस्थितीची आहे, तिच्यावर काहीतरी करता येतं. ती बराच वेळ गप्प बसली मग म्हणाली, तरीही नाही. नंतर नवऱ्याला आत बोलावलं, तिनेच सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, नको म्हटलं असतं तर ही पुढे मलाच दोष देईल असं वाटलं म्हणून ठेवू म्हणत होतो.

गर्भपातानंतर आठवड्याने तिचा फोन, रडतेय, चुकलं का माझं? मी विचारलं, त्या दिवसावर परत गेलीस तर वेगळं ठरवशील? नाही म्हणाली. मग हे दुःख आहे, पश्चात्ताप नाही, दोन्हीत रडू सारखंच येतं म्हणून गल्लत होते. असं रडू हळूहळू कमी होत जातं. दोन आठवडे होऊनही झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे बघवत नाही असं असतं तर मी तिला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

आणि हेच दोन दिवस दुसऱ्या एकीला करायला दिले तेव्हा ती 'नाही'वाल्या दिवशी दुपारपर्यंतही थांबू शकली नाही, मला फोन करून म्हणाली मला ठेवायचंय. तिने ठेवलं. दोघींपैकी वाईट आई मला तरी कोणी दिसली नाही.

तुम्ही याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊन या. सोबत कोणी येणार असेल तर येऊ दे, पण पहिली 20 मिनिटं तुम्ही एकट्या आत.