एक्सपोर्ट दर वेळी ६३ टक्क्यांवर का अडकतो?

प्रश्न: मी इंदूरचा. मंडळासाठी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा २२ मिनिटांचा व्हिडिओ प्रीमियर प्रोमध्ये करतोय. मोबाइलवरचं शूटिंग आहे आणि मिलच्या काळातले जुने फोटो आहेत. फोटो १० बाय ८ इंची, बाराशे डीपीआयवर स्कॅन करून घेतलेत. प्लेबॅक अडखळतो, एक्सपोर्ट दर वेळी ६३ टक्क्यांच्या आसपास एरर देऊन थांबतो, आणि एक-दोनदा सॉफ्टवेअरच बंद पडलं. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, फरक नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

मी इंदूरलाच लग्नांचे आणि मंडळांचे व्हिडिओ एडिट करतो. तुमच्या प्रश्नातली बाराशे डीपीआयची ओळ वाचली आणि माझा पहिला संशय तिथेच गेला. पण संशयावर फोटो बदलत बसू नका. आधी ताडून बघा, कारण तुमच्याकडे एक नाही, तीन आजार असू शकतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. सॉफ्टवेअर परत टाकण्याचा उपाय लोक पहिला करतात. माझ्या मते तो शेवटचा.

प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

सर्वांत आधी एरर नीट वाचा. आपण सगळे तो डबा बघताक्षणी ‘OK’ दाबतो, पण त्यात `Around timecode` अशी एक ओळ असते. २२ मिनिटांचे ६३ टक्के म्हणजे पावणेचौदा मिनिटांच्या थोडं पुढे, तेव्हा तिथे `00:13:52:10` असं काहीतरी असणार. टक्क्यांवर विसंबू नका, ते अंदाजे असतात. टाइमकोड लिहून घ्या. त्याच डब्यात `GPU Render Error` हे शब्द असतील तर तेही टिपून ठेवा.

मग काहीही न बदलता आणखी एकदा एक्सपोर्ट करा. टाइमकोड पुन्हा तोच किंवा अगदी जवळचा आला, तर दोष बहुतेक टाइमलाइनवर त्या जागी ठेवलेल्या वस्तूत आहे. दर वेळी जागा बदलली तर मात्र वस्तूऐवजी यंत्राकडे बघायचं: तापलेला लॅपटॉप, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, भरत आलेली डिस्क. याला एक अपवाद आहे. तुम्ही थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करत असाल आणि तो FAT32 असेल, तर त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. मग एक्सपोर्ट दर वेळी एकाच जागी मरतो आणि दोष बिचाऱ्या क्लिपवर येतो. ओळखायचं असं: बिटरेट निम्मा करून बघा. थांबण्याची जागा पुढे सरकली किंवा एक्सपोर्ट पूर्ण झाला, तर अडचण फाइलच्या आकाराची. जागा तीच राहिली तर पुढे वाचा.

आता सगळे २२ मिनिटं परत परत एक्सपोर्ट करायची गरज नाही. त्या टाइमकोडच्या दहा सेकंद आधी इन आणि दहा सेकंद नंतर आउट लावा आणि तेवढाच तुकडा काढा. तो पडला तर काम सोपं झालं, कारण यापुढची प्रत्येक चाचणी फार तर एक-दोन मिनिटांची. या तुकड्यातले निम्मे ट्रॅक बंद करा आणि परत काढा. पास झाला तर दोषी बंद केलेल्या अर्ध्यात आहे, नाही तर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. असं करत तुम्ही एका क्लिपवर, एका इफेक्टवर किंवा एका ट्रान्झिशनवर येऊन थांबाल.

त्याच तुकड्यावर दुसरी चाचणी. `File > Project Settings > General` मध्ये `Renderer` असतो, तिथे `Mercury Playback Engine Software Only` निवडा, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर जाईल. एक्सपोर्टच्या खिडकीतही `Performance` ला `Software Encoding` करा. हळू चालेल, चालू द्या. अशाने तुकडा पास झाला तर मूळ क्लिप धड आहे आणि अडचण ग्राफिक्स कार्डाच्या वाटेवर आहे. तरीही पडला तर फाइलच खराब असण्याची शक्यता वाढते. मोबाइलवरून मोबाइलवर पाठवलेल्या क्लिप अर्धवट उतरलेल्या असतात, आणि प्लेअर त्या खराब फ्रेम गुपचूप गाळून दाखवतो. संशयित क्लिप अशी तपासा:

```
ffmpeg -v error -i clip.mp4 -f null -
```

ही आज्ञा क्लिप शेवटपर्यंत उलगडून बघते आणि फक्त चुका छापते. काहीच छापलं नाही तर क्लिप बहुधा ठीक. ओळीमागून ओळी आल्या तर ज्याने शूट केलं त्याच्याकडून मूळ फाइल केबलने घ्या.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा: सॉफ्टवेअर मोडमध्ये तुकडा पास होईल आणि शोध एका क्रॉस डिझॉल्व्हवर येऊन थांबेल, जिथे एक जुना फोटो विरत जातो आणि दुसरा उमटतो. हिशेब करून बघा. १० बाय ८ इंच, बाराशे डीपीआय, म्हणजे १२००० बाय ९६०० पिक्सेल. एकूण ११ कोटी ५२ लाख. डिस्कवर ती जेपीईजी काही दहा एमबींची दिसते म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण फाइल दाबून ठेवलेली असते, आणि काम करताना ती पूर्ण उलगडावी लागते. ग्राफिक्स कार्डावर रंगांचं गणित ३२-बिट अपूर्णांकांत होतं, तेव्हा एका पिक्सेलला चार चॅनल आणि दर चॅनलला ४ बाइट, म्हणजे १६ बाइट लागतात. एक फोटो झाला सुमारे १.८ जीबी. डिझॉल्व्हमध्ये दोन्ही एकाच वेळी हवेत, म्हणजे ३.७ जीबी. तुमचं कार्ड सगळं मिळून ४ जीबीचं, आणि त्यातला थोडा भाग विंडोजने आणि स्क्रीनने आधीच धरलेला. जागा उरतेय कुठे? एकटा फोटो कसाबसा मावतो, म्हणून त्याच स्कॅनचे बाकीचे फोटो सुखरूप जातात आणि माणूस बुचकळ्यात पडतो. एडिटिंग करताना निभावतं, कारण तिथे प्लेबॅक अर्ध्या किंवा पाव रेझोल्यूशनवर असतो आणि फ्रेम गळली तरी काम पुढे सरकतं. एक्सपोर्टला प्रत्येक फ्रेम पूर्ण हवी.

हे डोळ्यांनी बघता येतं. टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली `GPU` उघडा आणि `Dedicated GPU memory` चा आलेख समोर ठेवून तुकडा एक्सपोर्ट करा. डिझॉल्व्हपाशी रेघ छताला भिडली आणि त्याच क्षणी एरर आली, तर निदान पक्कं.

उपाय स्वस्त आहे. तुमची टाइमलाइन १९२० बाय १०८० ची असेल आणि फोटोवर जास्तीत जास्त दुप्पट झूम असेल, तर फोटो ३८४० पिक्सेल रुंद असला की पुरे. उंची येईल ३०७२. कोणत्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये प्रत काढून तेवढी करा, मूळ स्कॅन मात्र जपून ठेवा, मंडळाला छापायला लागतील. अशा प्रतीला सुमारे १९० एमबी लागतात. दोन आल्या तरी कार्डाला त्रास नाही. प्रोजेक्टमध्ये मूळ फोटोवर राइट क्लिक करून `Replace Footage` ने नवी प्रत द्या, म्हणजे टाइमलाइन तशीच राहते. फक्त स्केल बदलावं लागेल: १२००० रुंदीचा फोटो स्क्रीनभर दाखवायला तुम्ही १६ टक्के ठेवलं असेल, ३८४० ला ते ५० टक्के. झूम १६ वरून २४ वर जात असेल तर आता ५० वरून ७५. ॲंकर पॉइंट हाताने हलवला असेल तर तोही बघा, कारण तो फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो.

फोटो लहान करायला वेळ नसेल आणि व्हिडिओ आज रात्रीच हवा असेल, तर सॉफ्टवेअर मोडमध्येच पूर्ण काढा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि जेवून या.

आता अडखळणारा प्लेबॅक. हा वेगळा आजार आहे आणि बहुधा मोबाइलच्या क्लिपमुळे आहे. मोबाइल HEVC किंवा H.264 मध्ये साठवतो, ज्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. मधली एक फ्रेम दाखवायला आजूबाजूच्या अनेक उलगडाव्या लागतात. अशा क्लिप निवडून राइट क्लिक करा, `Proxy > Create Proxies` करा आणि `Toggle Proxies` चं बटण दाबून त्या हलक्या प्रतींवर काम करा. पण एक्सपोर्ट सहसा मूळ फाइलींवरूनच होतो. त्यामुळे प्रॉक्सीने प्लेबॅक गुळगुळीत झाला तरी एक्सपोर्टची एरर जाणार नाही, आणि फोटो लहान केल्याने झांकीच्या क्लिप धावायला लागणार नाहीत.

जेल रोडच्या ढोलाचा आवाज चित्राच्या मागे-पुढे सरकत असेल, तर क्लिपचा फ्रेम रेट बदलता आहे. अंधारात मोबाइल असं हमखास करतो. मीडियाइन्फोमध्ये `Frame rate mode` ला `Variable` दिसेल. ती क्लिप हँडब्रेकमधून `Constant Framerate` करून घ्या आणि मग टाइमलाइनवर आणा.

उरलं सॉफ्टवेअर आपोआप बंद पडणं. कार्डाची मेमरी संपल्यानेही ते होऊ शकतं, म्हणून आधी फोटो आटपा आणि काही दिवस बघा. परत बंद पडलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Windows Logs > Application` खाली त्या वेळची लाल नोंद उघडा आणि `Faulting module name` वाचा. `nv` ने सुरू होणारं नाव असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बघा. `System` खाली `Display` ची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत सुरू झाला होता, असा तिचा अर्थ. अशा वेळी ड्रायव्हर स्वच्छ काढून नवा टाका, आणि नव्याने बिघडलं तर आधीचा. तोवर सिल्वर मॉलला नवा लॅपटॉप बघायला जाऊ नका. सॉफ्टवेअर मोडचा निकाल आणि ही मॉड्यूलची ओळ, दोन्ही इथे लिहा, पुढचं बघू.