वेळापत्रकातली टक्कर शीटमध्ये पकडताना

आधी आडवा-उभा तक्ता सोडा. एका ओळीत एकच तास लिहा: A वार, B तासिका, C वर्ग, D शिक्षक, E खोली. मग D2:D500 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये लाल रंग निवडा आणि हे सूत्र टाका:

```
=AND($D2<>"",COUNTIFS($A$2:$A$500,$A2,$B$2:$B$500,$B2,$D$2:$D$500,$D2)>1)
```

सोमवारी तिसऱ्या तासाला कुलकर्णी सर ८अ आणि ९ब दोन्हीकडे असतील, तर दोन्ही नावं लाल होतील. खोलीसाठी E2:E500 वर तसाच नियम, फक्त D च्या जागी E.

नवीन माणूस फसतो तो नावांत. ‘कुलकर्णी सर’ आणि ‘कुलकर्णी स.’ शीटला दोन माणसं वाटतात, टक्कर दिसतच नाही. म्हणून नावं ड्रॉपडाऊनमधूनच निवडा.

पुण्यात बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. तिथे तासिका ‘स३’, ‘दु३’ अशी लिहा, नाहीतर सकाळ-दुपारचा तिसरा तास उगाच लाल होईल. मैदानावर दोन वर्ग मुद्दाम एकत्र असतील, तर तो लाल रंग राहू द्या.